घड्याळातले ठोके रोज थोडे थोडे वाढत असतील तर



गेल्या वर्ष-दोन वर्षांत आपल्या गटांच्या बैठकीत मनगटावरची नवी घड्याळं दिसायला लागली आहेत. कुणाला मुलाने पुण्याहून पाठवलंय, कुणी मोबाइलच्या दुकानातून आणलंय. ते वेळ दाखवतं, पावलं मोजतं आणि हृदयाचे ठोकेही दाखवतं. पावलांचं आपल्याला काही वाटत नाही, कारण शेतावर जाऊन आलं की ती होऊनच जातात. पण ठोक्यांचा आकडा वाढलेला दिसला की काळजात धस्स होतं. ‘ताई, मागच्या आठवड्यात 69 होते, आज 78 कसे? मला हार्टचं काही निघालं का?’ असं आम्हाला बऱ्याच जणी विचारतात. आज आपण तेवढीच एक गोष्ट नीट समजून घेऊ. आराम करतानाचे ठोके चार-सहा दिवस थोडे थोडे चढत गेले, तर त्याचा अर्थ कसा लावायचा?

आधी हे बघू की आपण कुठल्या ठोक्यांबद्दल बोलतोय. डोक्यावर हंडा घेऊन चढ चढलो तर ठोके 120-130 होणारच, त्यात काळजीचं काही नाही. आपण बोलतोय ते शांत बसलेलं किंवा झोपलेलं असतानाच्या ठोक्यांबद्दल. घड्याळात ते ‘रेस्टिंग हार्ट रेट’ या नावाने वेगळे दिसतात. मोठ्या माणसाचे असे ठोके मिनिटाला 60 ते 100 या दरम्यान असले तर ते सर्वसाधारण धरतात. कष्टाची सवय असलेल्या बाईचे 60 च्या खालीही असू शकतात. म्हणून शेजारणीचे 62 आणि माझे 76, यात हरणं-जिंकणं काही नाही. तुलना करायची ती आपल्या आजच्या आकड्याची आपल्याच मागच्या आकड्याशी.

त्यासाठी आपला नेहमीचा आकडा माहीत पाहिजे. अंगात काही नसताना, रोजचंच काम चालू असताना, दोन आठवडे सकाळचा आकडा लिहून ठेवला की तो कळतो. कुणाचा 66 ते 69 मध्ये फिरेल, कुणाचा 74 ते 78 मध्ये. रोज दोन-तीन ठोके इकडे तिकडे होतातच, त्याकडे लक्ष देऊ नका. पण आकडा नेहमीपेक्षा पाच किंवा जास्त ठोक्यांनी वर गेला आणि तीन दिवस तिथेच राहिला किंवा आणखी चढला, तर शरीर काहीतरी सांगतंय असं समजावं. एका दिवसाच्या आकड्याला फार किंमत नाही. सलग चढत गेलेल्या आकड्याला आहे.

घड्याळ खरं बोलतंय का?

घड्याळ उलटं करून पाहिलंत तर मागे हिरवा दिवा लुकलुकताना दिसेल. त्याचा उजेड कातडीतून आत जातो. हृदयाचा ठोका पडला की मनगटात रक्त थोडं जास्त येतं आणि ते हिरवा उजेड जास्त शोषतं. परत येणारा उजेड दर ठोक्याला कमी-जास्त होतो, तोच घड्याळ मोजतं. म्हणजे घड्याळ हृदयाला हात लावत नाही, ते उजेडावरून अंदाज बांधतं. त्यामुळे उजेडाच्या वाटेत काही आलं की अंदाज चुकतो.

आपल्याकडे वाटेत येणाऱ्या गोष्टी ठरलेल्या आहेत. बांगड्यांच्या मध्ये घड्याळ घातलं की बांगड्या त्याला ढकलत राहतात, ते सैल बसतं आणि बाहेरचा उजेड आत शिरतो. मनगटावर गडद गोंदण असेल तर त्याची शाई उजेड अडवते. मागच्या काचेवर पीठ, साबण, घाम वाळलेला असतो. म्हणून घड्याळ बांगड्यांच्या वर, मनगटाच्या हाडापासून एक बोटभर मागे बांधावं. हललं नाही पाहिजे, पण वळही उठला नाही पाहिजे. मागची काच ओल्या फडक्याने पुसावी. एका हातावर गोंदण असेल तर दुसऱ्या हातात बांधावं. काही स्वस्त घड्याळं तर गुंडाळलेल्या टॉवेलवर बांधली तरी ठोके दाखवतात. तुमच्या घड्याळाचं असं आहे का, ते एकदा करून बघा.

सगळ्यात खात्रीची तपासणी आपल्या बोटांनी होते. पाच मिनिटं शांत बसा. एका हाताचा तळवा वर करा. दुसऱ्या हाताची पहिली दोन बोटं अंगठ्याच्या मुळाखाली मनगटाच्या कडेला हलकीच ठेवा. अंगठ्याने नाडी बघू नका, कारण अंगठ्याची स्वतःची नाडी उडत असते आणि मोजणी गडबडते. भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत पूर्ण एक मिनिट ठोके मोजा. त्याच वेळी हातातलं घड्याळ काय दाखवतंय ते बघा. चार-पाच ठोक्यांचा फरक चालतो. दर वेळी दहा-पंधराचा फरक पडत असेल तर त्या घड्याळाच्या आकड्यावर काही ठरवू नका.

इथे एक लक्षात ठेवा. काही घड्याळं आरामाचा आकडा रात्रीच्या झोपेतून काढतात, काही दिवसा आपण शांत बसलो असताना काढतात. झोपेत ठोके कमीच असतात. त्यामुळे जुनं घड्याळ बदलून दुसरं घेतलं की आकडाही बदलू शकतो. तो आजार नाही, मोजायची पद्धत वेगळी आहे. नव्या घड्याळावर आपला नेहमीचा आकडा पुन्हा काढावा लागतो.

एका ताईचे दहा दिवस

आता आमच्या गटातल्या एका ताईंचं उदाहरण सांगतो. नाव सांगत नाही, पण त्यांची परवानगी घेतली आहे. वय अडतीस. दिवसा भाजीच्या पॅकिंग शेडवर मजुरी, संध्याकाळी घरी शिलाई. मुलाने दिलेलं घड्याळ त्या रात्रंदिवस घालतात. त्यांचा नेहमीचा आकडा 68 ते 70.

गणपतीच्या आधीचे दिवस होते, ब्लाउजच्या ऑर्डरी ढीगभर. सोमवारी आकडा 69 होता. बुधवारी 72, शुक्रवारी 75 आणि रविवारी 78. रविवारीच गटाची बैठक होती. एक म्हणाली थायरॉइड असेल, दुसरी म्हणाली बीपी. ताई घाबरल्या होत्या, पण त्यांना डॉक्टरकडे जायचं नव्हतं. शेडवर एक खाडा म्हणजे एका दिवसाची मजुरी गेली, आणि ऑर्डरी अर्ध्या पडलेल्या.

आम्ही चार प्रश्न एकामागून एक घेतले. क्रम मुद्दाम असा ठेवला की सोपी आणि बिनखर्चाची गोष्ट आधी तपासली जाईल.

पहिला प्रश्न घड्याळाचा. बोटांनी मोजले तर 80, घड्याळात त्या वेळी 79. म्हणजे घड्याळ बरोबर होतं.

दुसरा प्रश्न पाळीचा. पाळीला चार-पाच दिवस राहिले होते. हे कारण दुकानदार कधी सांगत नाही, आणि आपल्यातल्या पुष्कळ जणींना माहीत नसतं. पाळीच्या साधारण दोन आठवडे आधी अंडं सुटतं. त्यानंतर शरीर थोडं गरम राहतं आणि आरामाचे ठोके दोन ते चारने वर जातात. पाळी आली की ते पुन्हा उतरतात. दर महिन्याला हे होतं. चार-पाच दिवस हळूहळू चढलेला आकडा एवढ्यानेही दिसू शकतो. पण ताईंचे ठोके नऊने वाढले होते. पाळीने त्यातला थोडा भाग समजत होता, सगळा नाही.

तिसरा प्रश्न झोपेचा आणि चहाचा. ताई आठवडाभर रात्री साडेबारा-एकपर्यंत मशीनवर बसत होत्या आणि पहाटे पाचला उठत होत्या. जागं राहायला रात्री नऊ-दहाला दोन कप चहा. म्हणजे कारण समोरच दिसत होतं. पण दिसतंय म्हणून तेच खरं, असं धरायचं नाही. ते तपासता येतं. झोप आणि चहा हेच कारण असेल तर ते काढून टाकल्यावर दोन-तीन रात्रींत आकडा खाली यायला लागला पाहिजे. ताईंनी ठरवलं की दोन दिवस दुपारी तीननंतर चहा नाही आणि रात्री दहाला आडवं व्हायचं. मंगळवारी सकाळपर्यंत वाट बघायची. मात्र मध्ये ताप, दम, छातीत दुखणं असं काहीही झालं तर थांबायचं नाही, लगेच दवाखाना गाठायचा, हेही तेव्हाच ठरलं.

मंगळवारी सकाळी आकडा होता 79. झोप पूर्ण झाली होती, चहा बंद होता, तरी आकडा उतरला नाही, उलट एकाने चढला. याचा अर्थ कारण दुसरीकडे होतं.

चौथा प्रश्न शरीराचा. बारीकसारीक काय दुखतंय, काय बदललंय? आशाताई त्यांच्या घरी गेल्या आणि इतरांना बाहेर पाठवून एकटीला विचारलं, ‘लघवीला जळजळ होते का गं?’ तेव्हा ताई बोलल्या. चार-पाच दिवस जळजळ होती. सारखं जावंसं वाटायचं, आणि गेलं की थोडीशीच व्हायची. कंबरेच्या वर एका बाजूला दुखत होतं, ते त्यांनी मशीनवर वाकून बसण्यावर ढकललं होतं. शेडवर बायकांसाठी संडास नाही, म्हणून त्या सकाळपासून पाणी पीत नव्हत्या आणि दिवसभर लघवी दाबून धरत होत्या. बैठकीत वीस जणींसमोर हे सांगायची त्यांना लाज वाटली होती.

त्याच संध्याकाळी थंडी वाजून 100.8 ताप आला. बुधवारी त्या प्राथमिक आरोग्य केंद्रात गेल्या. लघवी तपासली, तिच्यात जंतुसंसर्ग निघाला. लघवीच्या पिशवीतला संसर्ग मूत्रपिंडाकडे चढायला लागला होता, म्हणूनच बाजूला दुखत होतं आणि थंडी वाजत होती. डॉक्टरांनी गोळ्या दिल्या, बरं वाटलं तरी कोर्स पूर्ण करायला सांगितला आणि पाणी भरपूर प्यायला सांगितलं. हे दुखणं आणखी अंगावर काढलं असतं तर दवाखान्यात भरती व्हावं लागलं असतं. गरोदर बाईला असा संसर्ग झाला तर दिवस भरण्याआधी कळा सुरू होण्याचा धोका असतो.

पुढचे आकडेही ताईंनी लिहून ठेवले. गोळ्या सुरू झाल्या त्या दिवशी 81. तीन दिवसांनी ताप गेला, पाळीही आली, तरी आकडा 75 होता. 70 वर यायला आणखी आठवडा लागला. हेही नेहमीचंच आहे. ताप उतरला तरी शरीराची झुंज संपलेली नसते, म्हणून ठोके काही दिवस वरच राहतात. आकडा रोज उतरत असेल तर आपण बऱ्या होत आहोत. उतरता उतरता मध्येच पुन्हा चढायला लागला, किंवा ताप परत आला, तर पुन्हा दाखवायला जावं.

आजारात ठोके का वाढतात?

अंगात जंतू शिरले की शरीर त्यांच्याशी लढायला लागतं. त्या लढाईत शरीराला जास्त प्राणवायू लागतो, म्हणून हृदय जोरात पळतं. ताप एक अंश सेल्सिअसने, म्हणजे आपल्या थर्मामीटरवर जवळजवळ दोन अंशांनी वाढला, की ठोके साधारण दहाने वाढतात. पण बऱ्याचदा ताप कळण्याच्या एक-दोन दिवस आधीच ठोके चढू लागतात. म्हणून सर्दी, फ्लू, करोना, कसलाही संसर्ग असो, घड्याळात तो आधी दिसू शकतो.

अमेरिकेतल्या स्टॅनफर्ड विद्यापीठातले प्राध्यापक मायकेल स्नायडर हे संशोधनासाठी अंगावर अशी उपकरणं घालत होते. विमानाने नॉर्वेला जाताना त्यांच्या लक्षात आलं की ठोके नेहमीपेक्षा जास्त आहेत आणि रक्तातला प्राणवायू कमी आहे. दोन आठवड्यांपूर्वी ते गोचिडीच्या भागात राहून आले होते, म्हणून त्यांना शंका आली. पुढे रक्ताच्या तपासणीत गोचिडीमुळे होणारा लाइम नावाचा आजार निघाला. हे संशोधन 2017 मध्ये छापून आलं. त्यात ध्यानात घेण्यासारखी गोष्ट अशी की उपकरणाने आजाराचं नाव सांगितलं नाही. ‘काहीतरी वेगळं आहे’ एवढंच सांगितलं. नाव ठरलं ते चौकशीतून आणि तपासणीतून. आपल्या ताईंच्या बाबतीतही हेच झालं.

याची दुसरी बाजूही माहीत असू द्या. घड्याळ शांत आहे म्हणून आजार नाही, असं नसतं. टायफॉइडमध्ये ताप 103 असला तरी ठोके त्या मानाने वाढत नाहीत. बीपीसाठी अॅटेनोलॉल किंवा मेटोप्रोलॉल या गोळ्या चालू असतील तर त्या ठोके दाबून ठेवतात. अशा वेळी ताप थर्मामीटरने बघा आणि अंगात काय होतंय त्यावर ठरवा.

चहा, झोप आणि मिश्री

चहाबद्दल थोडं सविस्तर सांगतो. चहा प्यायला की ठोके वाढतात असं सगळ्या म्हणतात. ज्यांना सवय नाही त्यांचं तसं होऊ शकतं. पण रोज चार-पाच कप पिणाऱ्या बाईचं शरीर चहातल्या कॅफिनला सरावलेलं असतं, त्यामुळे थेट ठोके फारसे वाढत नाहीत. तिचं नुकसान होतं ते झोपेच्या वाटेने. दिवसभर काम केलं की मेंदूत ‘आता दमलीस, झोप’ असं सांगणारं एक द्रव्य साचत जातं. कॅफिन त्याची जागा अडवून बसतं, म्हणून दमलेलं असूनही झोप येत नाही. प्यायलेलं कॅफिन निम्मं उतरायला साधारण पाच तास लागतात. संध्याकाळी पाचच्या चहातलं निम्मं कॅफिन रात्री दहाला अंगात असतं. दूध जास्त घातलं म्हणून ते कमी होत नाही. गरोदरपणात, आणि गर्भनिरोधक गोळ्या चालू असतील तर, ते उतरायला याहून बराच जास्त वेळ लागतो.

रात्रीची गाढ झोप लागली की ठोके दिवसापेक्षा बरेच खाली येतात आणि हृदयाला तेवढीच विश्रांती मिळते. झोप तुटकी झाली, उशिरा भरपेट जेवून लगेच आडवं झालो, की ठोके उतरतच नाहीत. असं चार रात्री झालं की सकाळचा आकडा चढलेला दिसतो. म्हणून चहावर शंका असेल तर तो सगळा एकदम बंद करू नका. एकदम सोडला तर दुसऱ्या दिवसापासून डोकं दुखतं आणि आपल्याला वाटतं नवीनच काही झालं. फक्त दुपारी तीननंतरचा चहा तीन दिवस थांबवा आणि आकडा बघा.

मिश्रीची गोष्ट मात्र वेगळी. मिश्रीत तंबाखू आहे. हिरडीतून निकोटिन रक्तात जातं आणि थोड्या वेळात थेट ठोके वाढवतं. कामाचा ताण आला की दिवसातून दोन वेळा लावणाऱ्या बाया पाच-सहा वेळा लावायला लागतात. वहीत चहाचे कप लिहिताना मिश्रीच्या वेळाही खऱ्या खऱ्या लिहा.

याशिवाय उन्हात काम करून पाणी कमी पडलं, किंवा दोन-तीन दिवस ऊसतोडीसारखं अंगमोड काम झालं, तरी ठोके वर राहतात. पाणी आणि एक-दोन दिवसांची विश्रांती मिळाली की ते उतरतात. दम्याच्या पंपाने आणि थायरॉइडची गोळी जास्त झाली तरीही ठोके वाढतात. पण म्हणून गोळी स्वतःच्या मनाने बंद करायची नाही, ज्यांनी दिली त्यांना विचारायचं.

कधी थांबायचं नाही?

पाळी चुकली आहे आणि ठोके उतरतच नाहीत, तर गरोदरपणाची तपासणी करा. गरोदरपणात ठोके हळूहळू दहा ते वीसने वाढतात आणि बाळंतपणापर्यंत वर राहतात. ठोके दिवसांत नाही तर दोन-तीन महिन्यांत वाढत गेले असतील, चढ चढताना धाप लागत असेल, अंगावरून जास्त जात असेल, तर हिमोग्लोबिन तपासून घ्या. रक्त कमी असलं की तेवढंच रक्त हृदयाला जास्त वेळा फिरवावं लागतं. 2019 ते 21 या काळातल्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातल्या 15 ते 49 वयाच्या दर शंभर बायांपैकी 57 जणींचं रक्त कमी आढळलं होतं. गरोदर नसलेल्या बाईचं हिमोग्लोबिन 12 च्या खाली गेलं की ते कमी समजतात. वजन घटतंय, हात थरथरतात, गरमी सोसत नाही आणि ठोकेही वाढलेत, तर थायरॉइड तपासायला सांगा.

शांत बसलेलं असताना बोटांनी मोजलेले ठोके वारंवार 100 च्या वर येत असतील तर दोन दिवसांत दाखवून घ्या. ठोक्यांबरोबर ताप, लघवीची जळजळ, कंबरेच्या बाजूला दुखणं असेल तर दुसऱ्या दिवसाच्या पुढे नेऊ नका. बाळंतपणाला सहा आठवडे झालेले नाहीत आणि ठोके जलद आहेत, बरोबर ताप, वास येणारा स्राव किंवा जास्त रक्तस्राव आहे, तर त्याच दिवशी, रात्र असली तरी, दवाखान्यात जा. छातीत दुखणं, बसल्या जागी धाप, चक्कर येऊन पडणं, किंवा नाडी एकदम जोरात आणि वेडीवाकडी उडणं, यांपैकी काहीही झालं तर घड्याळ बघत बसू नका, 108 ला फोन करा.

दवाखान्यात जाताना ‘घड्याळ जास्त दाखवतंय’ एवढंच सांगितलं तर डॉक्टरही काय करणार? त्यापेक्षा एक कागद न्या. त्यावर रोजची तारीख, सकाळचा आकडा, किती वाजता झोपलो, पाळीची तारीख, आणि काय दुखतंय, हे लिहा. घड्याळ नसेल तर सकाळी उठल्यावर, अंथरुणातच, बोटांनी मोजलेला आकडा लिहा. तोही तितकाच चालतो. आणि जी गोष्ट चारचौघींत सांगता येत नाही, ती आशाताईंना बाजूला घेऊन सांगा. ताईंच्या उपचाराची वाट त्याच एका वाक्यातून सापडली होती.

पुढच्या बैठकीला येताना ज्यांच्याकडे घड्याळ आहे त्यांनी आपला दोन आठवड्यांचा आकडा वहीत लिहून आणा. बाकीच्या जणींना आम्ही बोटांनी नाडी मोजायला शिकवू. ताईंच्या शेडवर बायकांसाठी संडास व्हावा, हा विषयही आपण ग्रामसंघाच्या येत्या बैठकीत घेतला आहे. त्या ठरावाला सगळ्यांनी हजर राहा.